बायोडेटा जाहिरातीला लावून बघताना

अर्जांच्या छाननीत माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे ओळखीचे लोक मुलांचे बायोडेटा पाठवतात आणि विचारतात, "बघा ना, बसतोय का?" मी बायोडेटा आधी उघडतच नाही. आधी जाहिरातीत पात्रता कोणत्या तारखेला मोजणार ते शोधतो. ती तारीख हातात नसेल तर वय, पदवी, अनुभव यातलं काहीच मोजता येत नाही.

एक उदाहरण घेऊ. केंद्राच्या एका संस्थेत स्थापत्य अभियंत्याचं पद. वय 30 पर्यंत, ओबीसींना 3 वर्षं सवलत, स्थापत्य पदवी आणि पदवीनंतरचा 2 वर्षांचा अनुभव. सगळं मोजायचं 15 जुलै 2024 या अंतिम तारखेला. उमेदवाराचा जन्म 20 जुलै 1991 चा, जात वंजारी, म्हणजे राज्यात भटक्या जमाती-ड, थोडक्यात भज-ड. बायोडेटात लिहिलंय, "अनुभव 5 वर्षे".

वय निघतं 32 वर्षं 11 महिने 25 दिवस. सवलत धरून 33 पर्यंत चालतं, म्हणजे बसला. पण केंद्रात भज-ड असा प्रवर्ग नाही. तिथे वंजारी ओबीसीत येतात आणि त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र लागतं. राज्याचं जोडलं की अर्ज अडकतो. शिवाय जाहिरातीत ओबीसीसाठी राखीव जागा आहे ना, तेही बघायचं. सगळ्या जागा खुल्या असतील तर वयाची सवलतच मिळत नाही आणि 32 वर्षांचा हा मुलगा तिथेच बाद.

जागा राखीव आहे असं धरू. आता खरी गोम अनुभवाची. हा मुलगा डिप्लोमा करून जून 2019 पासून साइटवर आहे. नोकरी करत पदवी केली, निकाल लागला 10 ऑगस्ट 2022 ला. पदवीनंतरचा अनुभव मोजायचा तर घड्याळ त्या दिवशी सुरू होतं, आधीची तीन वर्षं गेली. 15 जुलैपर्यंत भरतात 1 वर्ष 11 महिने 5 दिवस. महिनाही कमी नाही, पण कमी ते कमीच. छाननी करणाऱ्याला तिथे हात सैल सोडता येत नाही. जाहिरातीत नुसतं "संबंधित क्षेत्रातील अनुभव" असतं, तर डिप्लोमानंतरची वर्षं धरून बघता आली असती. म्हणून अनुभवाचं वाक्य मी शब्दाशब्दाने वाचतो. अनुभवाच्या दाखल्यावर पद, कामाचं स्वरूप आणि रुजू झाल्याची-सोडल्याची तारीख हवी. "आमच्याकडे काम केले आहे" एवढ्यावर कोणी दिवस मोजत नाही.

मुलाची आई म्हणाली, "मग पुढच्या जाहिरातीला भरू दे." अनुभव 10 ऑगस्टला पूर्ण होतो, पण 20 जुलैला त्याची 33 वर्षं भरतात. याच अटींची जाहिरात पुन्हा आली तर अनुभव बसेल, वय नाही. त्यामुळे त्याला मी राज्याच्या जाहिराती बघायला सांगितलं. तिथे सहसा खुल्या प्रवर्गाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 पर्यंत वय चालतं.