बुलिश एनगल्फिंगनंतर निफ्टी खरंच वाढतो का? एका शीटमध्ये तपासून पाहू

समजा काल निफ्टी २४,३०० ला उघडला आणि २४,१५० ला बंद झाला. आज तो २४,१२० ला उघडला आणि २४,३४० ला बंद झाला. आजच्या हिरव्या कँडलने कालची लाल कँडल अख्खी गिळली. चार-पाच दिवसांच्या पडझडीनंतर हे दिसलं, की त्याला बुलिश एनगल्फिंग म्हणतात आणि "आता तेजी" असा निष्कर्ष काढतात. सोबत एखादा चार्टही येतो. त्यात बाण दाखवलेल्या जागेनंतर भाव सुंदर वर गेलेला असतो. ज्या वेळी तो गेला नाही, त्या चार्टवर कोणी बाण काढत बसत नाही.

तेव्हा आपण उलटीकडून जाऊ. मागच्या पंधरा वर्षांत हा पॅटर्न जेव्हा जेव्हा झाला तो प्रत्येक दिवस शोधायचा, पुढच्या पाच दिवसांत काय झालं ते मोजायचं, आणि मग ते आकडे कशाशी ताडून बघायचे ते नीट ठरवायचं. पहिली दोन कामं अर्ध्या तासाची आहेत. खरी मेख तिसऱ्यात आहे.

आधी नियम, मग डेटा

नियम असा लिहा की त्यात डोळ्यांच्या अंदाजाला जागाच उरू नये. "घसरणीनंतर" म्हणजे नक्की काय? मी असं धरतो: कालचा बंद भाव त्याच्या पाच सत्रं आधीच्या बंद भावापेक्षा खाली. काल लाल कँडल. आज हिरवी. आजचा उघडता भाव कालच्या बंदच्या बरोबरीने किंवा खाली, आणि आजचा बंद कालच्या उघडत्या भावाच्या बरोबरीने किंवा वर. वाती मोजायच्या नाहीत, फक्त अंग. तुम्हाला वेगळी व्याख्या हवी असेल तर खुशाल घ्या, पण निकाल बघायच्या आधी घ्या.

निफ्टी ५० चा रोजचा डेटा निर्देशांकांच्या अधिकृत संकेतस्थळावरून सीएसव्ही फाइलमध्ये मिळतो. तो १८ ऑक्टोबर २०१० नंतरचाच घ्या. त्या दिवसापासून प्री-ओपन सत्र सुरू झालं. त्याआधी बाजार उघडताना ज्या शेअरांत अजून सौदा झालेला नसे, त्यांचा जुनाच भाव निर्देशांकात धरला जाई. त्यामुळे उघडता आकडा आदल्या बंदला चिकटून राही. आपला पॅटर्न उघडत्या भावावरच उभा आहे, म्हणून आधीच्या आणि नंतरच्या कँडली एकत्र कालवणं बरोबर नाही.

फाइल नवीन तारखेकडून जुन्या तारखेकडे लावलेली असेल तर आधी ती उलटी करा. हे राहिलं तर "पुढचा" म्हणून तुम्ही मागचा परतावा मोजाल, पॅटर्नही उलट्या क्रमाने शोधला जाईल, आणि निकालाला काही अर्थ उरणार नाही. निकाल अचाट वाटला की मी सर्वांत आधी तारखांचा क्रम बघतो.

तीन रकाने पुरतात

A मध्ये तारीख, B मध्ये ओपन, C हाय, D लो, E क्लोज. पहिली ओळ शीर्षकांची. सूत्रं आठव्या ओळीपासून सुरू होतात, कारण मागे सहा सत्रं हवीत.

```
G8: =IF(AND(E7<E2,E7<B7,E8>B8),1,0)
H8: =IF(AND(G8=1,B8<=E7,E8>=B7),1,0)
I8: =E13/B9-1
```

G म्हणजे "घसरणीत लाल दिवसानंतर आलेला हिरवा दिवस". H म्हणजे त्यातलेच ज्यांनी कालचं अंग गिळलं, ते. I हा पुढचा परतावा: उद्याच्या ओपनला खरेदी, पाचव्या सत्राच्या क्लोजला विक्री. आजच्या क्लोजला खरेदी धरू नका. पॅटर्न पूर्ण झाला की नाही हे साडेतीनला कळतं, आणि तोवर त्या भावाची संधी गेलेली असते. निर्देशांक थेट विकत घेता येत नाही, म्हणून हाही भाव अंदाजाचाच. पण निफ्टीच्या ईटीएफला तो बराचसा लागू पडतो.

एक खड्डा मी स्वतः अनुभवलाय. सूत्र खेचत शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत नेलं. तिथे पाच दिवसांनंतरचा भाव अजून यायचाय, म्हणजे घर रिकामं. शीट रिकाम्या घराला शून्य समजतं, आणि परतावा येतो उणे शंभर टक्के. अशी दोन-चार घरं सरासरी पार खाली ओढतात. I रकाना शेवटून पाच ओळी आधीच थांबवा.

सरासरी कशाशी ताडायची

आता तीन आकडे काढा.

```
=AVERAGE(I8:I5000)
=AVERAGEIFS(I8:I5000,G8:G5000,1,H8:H5000,0)
=AVERAGEIFS(I8:I5000,H8:H5000,1)
```

पहिला आकडा कुठल्याही दिवसाचा. निफ्टी वर्षाला साधारण १२ टक्के वाढतो असं धरलं आणि वर्षात २५० सत्रं, तर पाच सत्रांत काहीही न करता सुमारे ०.२४ टक्के मिळतात. म्हणून "पॅटर्ननंतर भाव वाढला" यात विशेष काही नाही. वाढणाऱ्या बाजारात मंगळवारी घेतलं तरी वाढतं.

दुसरा आकडा सर्वांत मोलाचा, आणि बहुतेक जण नेमका तोच काढत नाहीत. पॅटर्नचे दिवस हे घसरणीनंतरचे दिवस असतात. पडलेला बाजार थोडा उसळतो, ही गोष्ट पॅटर्नशिवायही खरी असू शकते. मग श्रेय उसळीचं की गिळण्याचं? दुसऱ्या सूत्रात तीच घसरण, तीच कालची लाल कँडल, तीच आजची हिरवी कँडल आहे. फक्त गिळणं नाही. तिसरा आकडा या दुसऱ्यापेक्षा वर असला, तरच पॅटर्नमध्ये काही असण्याची शक्यता. दोन्ही सारखे आले तर तुम्ही मोजताय ती घसरणीनंतरची उसळी. तिच्यासाठी कँडल बघायची गरज नाही.

जास्तच खोलात जायचं असेल तर आणखी एक कसोटी लावा. गिळणारी हिरवी कँडल मुळात मोठी असते. दुसऱ्या गटातून आज जवळपास तेवढेच टक्के वाढलेले दिवस तेवढे निवडा आणि पुन्हा ताडून बघा. कधी कधी सगळा फरक इथेच विरघळतो.

फरक खरा की नशिबाचा

उदाहरणापुरतं धरू की ६० वेळा पॅटर्न झाला, त्यानंतरची सरासरी ०.५५ टक्के आली आणि दुसऱ्या गटाची ०.२४. फरक ०.३१ टक्के. दिसायला दुपटीहून जास्त.

आता निफ्टीचा रोजचा हेलकावा साधारण १ टक्का धरा. पाच दिवसांचा झाला १ गुणिले ५ चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे २.२ टक्के. ६० घटनांच्या सरासरीत नुसत्या योगायोगाने येणारी डुगडुग काढायची तर २.२ ला ६० च्या वर्गमुळाने भागा: सुमारे ०.२८ टक्के. आपला फरक जेमतेम तेवढाच आहे. म्हणजे पॅटर्नमध्ये काहीच दम नसतानाही असा फरक सहज दिसू शकतो. तो डुगडुगीच्या दुप्पट ठरायला किती घटना लागतील? २ गुणिले २.२, भागिले ०.३, आणि त्याचा वर्ग: सुमारे २१५. एकट्या निफ्टीत इतक्या घटना मिळणं कठीण. "दहा वर्षं बघतोय, चालतो" या वाक्याची मला धास्ती वाटते ती म्हणूनच.

सरासरीसोबत मध्यकही बघा. ६० मधल्या एकाच घटनेनंतर बाजार ८ टक्के उसळला असेल तर सरासरीतले ०.१३ टक्के त्या एकट्याचे.

वर्गमुळाचा हिशेब ढोबळ आहे. त्याहून सरळ मार्ग म्हणजे चिठ्ठ्या काढणं. G मध्ये १ असलेले सगळे दिवस एका टोपलीत टाका, त्यातून डोळे मिटून तितकेच दिवस उचला, सरासरी काढा, आणि हे ५००० वेळा करा. रकान्यांना fall, pat, fwd अशी शीर्षकं देऊन, टक्क्यांचं फॉरमॅट काढून फाइल साठवा:

```python
import numpy as np, pandas as pd
d = pd.read_csv("nifty.csv").dropna(subset=["fwd"])
pool = d.loc[d["fall"] == 1, "fwd"].to_numpy()
hit = d.loc[d["pat"] == 1, "fwd"].to_numpy()
rng = np.random.default_rng(1)
sims = np.array([rng.choice(pool, len(hit), replace=False).mean()
                 for _ in range(5000)])
print(len(hit), hit.mean(), (sims >= hit.mean()).mean())
```

शेवटचा आकडा ०.२० आला तर शंभरातल्या वीस चिठ्ठ्यांनी पॅटर्नइतकं किंवा त्याहून चांगलं काम केलं. ०.०२ आला तर लक्ष द्यावं. पण तुम्ही तीन, पाच, दहा दिवस असे वेगवेगळे कालावधी आणि हॅमर, दोजी, मॉर्निंग स्टार असे पॅटर्न मिळून वीस प्रयोग केले असतील, तर त्यातला एखादा ०.०५ च्या आत नुसत्या योगायोगानेच येतो. किती प्रयोग केले ते शीटच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. जमल्यास २०१९ नंतरचा डेटा बाजूला ठेवा आणि जिंकलेला एकच नियम त्यावर एकदाच चालवा.

घटना वाढवायला शेअर घेतले तर

निफ्टीत घटना कमी पडतात म्हणून पन्नास शेअर घ्यावेसे वाटतात. घ्या, पण तीन गोष्टी बघून. बोनस-स्प्लिटसाठी भाव सुधारलेला हवा. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिलायन्सने एकास एक बोनस दिला, तिथे कच्च्या डेटात भाव एका रात्रीत निम्मा दिसतो. आजच्या यादीतले पन्नास घेऊन मागे जाऊ नका; येस बँक मार्च २०२० मध्ये निफ्टीतून बाहेर पडली, आणि तिच्या पडझडीतले फसलेले पॅटर्न आजच्या यादीत सापडणार नाहीत. आणि बाजार एकत्र हलतो. मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यातल्यासारख्या उसळीत एकाच दिवशी कितीतरी शेअरांत सारखी कँडल बनू शकते. त्या वेगवेगळ्या घटना नव्हेत. तारखेनुसार सरासरी काढून ती एक घटना धरा. असं केलं की हजारोंचा आकडा भराभर खाली येतो.

एवढ्यातूनही फरक टिकला तर त्याला खर्चाला तोंड द्यावं लागतं. लाखभराचा शेअर डिलिव्हरीत घेऊन विकला, तर ०.३१ टक्क्यांचा फरक म्हणजे ३१० रुपये. एसटीटी खरेदीला १०० आणि विक्रीला १००. खरेदीवर मुद्रांक शुल्क १५. उरले ९५. त्यातून ब्रोकरेज, एक्सचेंजचे शुल्क, डीपीचे पैसे आणि त्यांवरचा जीएसटी अजून जायचाय.