छत्रीची काडी वाकली, खटका तुटला? दुरुस्त करताना या चुका टाळा

ठाण्याच्या मासुंदा तलावाच्या कडेने चालताना वारा नेमका पाण्यावरून येतो आणि छत्रीच्या पोटात शिरतो. जुलैतल्या एका संध्याकाळी माझी तीन घड्यांची छत्री तिथेच उलटी झाली. झटका देऊन मी ती सरळ केली, पण आठांपैकी एक काडी कोपरात वाकल्यासारखी लोंबत राहिली. घरी येऊन ती दुरुस्त केली आणि दुरुस्तीतच छत्रीचं जास्त नुकसान केलं. पुढे जे लिहिते आहे त्यातल्या निम्म्या चुका माझ्या स्वतःच्या आहेत.

आधी काडी नीट बघून घ्या. घडीच्या छत्रीची काडी अखंड नसते. तीन तुकडे रिव्हेटने एकमेकांना जोडलेले असतात आणि त्या सांध्यांत ती घडी होते. आतले तुकडे बहुतेक वेळा पत्र्याच्या बारीक पन्हळीसारखे असतात, शेवटचा तुकडा भरीव तारेचा किंवा फायबरचा. काडीला लागूनच आणखी एक बारीक तार जाते. तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, माझंही गेलं नव्हतं. छत्री मिटताना हीच तार पुढचा तुकडा ओढून घेते आणि उघडताना ढकलते. म्हणजे ती काडीवर चिकटलेली नसते, काडीच्या बाजूने मागेपुढे सरकते.

मी काय केलं, तर वाकलेली जागा हाताने सरळ केली आणि त्यावर तार गच्च गुंडाळली. काडी आणि ती बारीक तार दोन्ही एकत्र. छत्री उघडली छान. मिटायला गेले तर सातच काड्या घडी झाल्या. आठवी ताठ राहिली, मी जोर लावला आणि बारीक तार सांध्यापाशी निसटली. दुसऱ्या दिवशी जांभळी नाक्याजवळ पावसाळ्यात छत्री दुरुस्तीची पथारी टाकून बसणाऱ्या काकांना छत्री दाखवली. त्यांनी नखाने ती तार वर उचलून दाखवली आणि म्हणाले, "ताई, ही चालती तार. हिला बांधायचं नाही, हिच्या खालून बांधायचं." तार त्यांनी पक्कडीने परत अडकवून दिली. वाकलेल्या काडीचं काम मात्र मी मागून घेतलं, कारण आता मला ते करून बघायचंच होतं.

वाकलेली काडी एका झटक्यात सरळ करणं

पन्हळ वाकते तेव्हा फक्त वाकत नाही, त्या जागी तिच्या दोन्ही भिंती चेपतात. काडीची ताकद त्या उभ्या भिंतींतच असते. झटक्याने सरळ केली की दिसायला रेष सरळ येते, पण भिंती चेपलेल्याच राहतात किंवा त्यांना बारीक चीर जाते, आणि पुढच्या वाऱ्यात ती बरोब्बर तिथेच वाकते. ॲल्युमिनियमची काडी असेल तर बऱ्याचदा सरळ करतानाच हातात तुटून येते. पोलादी काडी जड आणि चिवट असते, ॲल्युमिनियमची हलकी. लोहचुंबक लावून बघितलं तर लगेच कळतं.

आधी चपट्या तोंडाच्या पक्कडीने चेपलेल्या भिंती हळूहळू मूळ आकारात आणायच्या. मग काडी लाकडी पाटावर ठेवून अंगठ्याने थोडी थोडी दाबत सरळ करायची. पूर्ण रेषेत येण्याचा हट्ट नको. केसभर वाक राहिला तरी कापडाला फरक पडत नाही. भिंतीला चीर दिसली तर घाबरू नका, पण त्या काडीला आता आधाराशिवाय सोडायचं नाही हे नक्की.

गॅसवर तापवून सरळ करायचा सल्ला मला आमच्या इमारतीतल्या दोघांनी दिला. तो ऐकू नका. काडीच्या पोलादात जो स्प्रिंगसारखा ताठपणा असतो तो लाल होईपर्यंत तापवून तसंच थंड केलं की जातो. ती जागा मऊ पडते आणि छत्रीच्या पहिल्याच ताणाला कमान होते.

नुसती तार गुंडाळणं

ही सगळ्यात जास्त होणारी चूक. वाकलेल्या जागेवर तारेचे पंचवीस वेढे दिले तरी काडी वाकायची थांबत नाही. वेढे काडीला आवळतात, ताठ करत नाहीत. मोडलेल्या हाताला नुसतं बँडेज गुंडाळून चालत नाही, खपची लागते, इथेही तसंच. काडीच्या लांबीला समांतर एक ताठ तुकडा लागतो, आणि तार फक्त तो तुकडा जागेवर धरायला.

आता खपची कशाची? सगळ्यात चांगली दुसऱ्या मेलेल्या छत्रीची. माझ्या छत्रीचा मधला तुकडा १७ सेंटिमीटरचा होता आणि वाक आतल्या सांध्यापासून ६ सेंटिमीटरवर. जुन्या छत्रीच्या काडीचा शेवटचा भरीव तारेचा तुकडा मी कटरने ७ सेंटिमीटर कापला आणि मोडक्या काडीच्या पन्हळीत आतून बसवला, वाकाच्या दोन्ही बाजूंना साडेतीन-साडेतीन येईल असा. वाकापलीकडे तीन सेंटिमीटरही गेला नाही तर तो तुकडा काही कामाचा नाही, कारण ताण येताच टोक उचकटतं. आणि दोन्ही बाजूंना सांध्यापासून दोन सेंटिमीटर तरी मोकळे सोडा. सांध्यावर आला की घडी बंद.

पन्हळीच्या आत बसवण्याचा फायदा म्हणजे जाडी वाढत नाही. घडीच्या छत्रीत मिटल्यावर काड्या एकमेकींना खेटून बसतात, तिथे दोन मिलिमीटरचा फुगवटाही जाणवतो. मात्र काही छत्र्यांत मिटताना दुसरी काडी याच पन्हळीत येऊन निजते. म्हणून बांधायच्या आधी शेजारची चांगली काडी घडी करून बघा. पन्हळ रिकामी राहत असेल तरच आतून, नाहीतर बाहेरून. जुन्या छत्रीचा शेवटचा तुकडा फायबरचा असेल तर तो नको. कापल्यावर त्याचे केसासारखे तंतू सुटतात आणि बोटात घुसतात.

तारेची निवड

हार्डवेअरच्या दुकानात तार मागितली की बहुधा सळ्या बांधायची काळी तार हातात पडते. ती जवळपास मिलिमीटरभर जाड असते, छत्रीच्या काडीवर नीट बसत नाही आणि पावसाळ्यात चार दिवसांत गंजून कापडावर तांबडे डाग पाडते. मला उपयोगी पडली ती घरातल्या जुन्या इंटरनेट केबलमधली तार. भिंतीतून आणलेल्या केबलमध्ये आठ रंगीत तारा निघतात, प्रत्येकीत अर्ध्या मिलिमीटरची भरीव तार आणि वर प्लास्टिक. प्लास्टिक सोलू नका. उघडं तांबं ॲल्युमिनियमच्या काडीला टेकून ओलं राहिलं की काडी त्या जागी खाऊन जाते.

कापड काडीला तीन-चार ठिकाणी दोऱ्याने टाचलेलं असतं. कामाच्या जागेजवळचे दोन टाके आधी उसवा. मग चालत्या तारेच्या खालून केबलची तार घालायची (चिमटीतून निसटते, संयम लागतो) आणि वेढे काडी व आतल्या तुकड्याभोवतीच द्यायचे. मी चार पट्टे दिले, दोन टोकांना आणि दोन वाकाच्या लगेच अलीकडे-पलीकडे, प्रत्येकी सहा-सात वेढ्यांचे. शेवटचा पीळ कापडाच्या विरुद्ध दिशेला आणून, कापून, पक्कडीने काडीवर झोपवायचा. हा पीळ वर राहिला तर आठवड्यात कापडाला भोक.

त्यावर इन्सुलेशन टेप लावण्याआधी छत्री दहा वेळा उघडून मिटा. चालती तार अडखळत असेल तर काडी इतरांपेक्षा मागे राहून घडी होते, हे डोळ्यांना लगेच दिसतं. तसं झालं तर त्या पट्ट्यातले दोन-तीन वेढे कमी करा. ठीक वाटलं की टाके नायलॉनच्या दोऱ्याने परत घाला. माझ्या छत्रीवर असं करून उरलेला पावसाळा निघाला.

नुसती काडी विकत आणणं

पूर्ण काडी बदलायची असेल तर छत्री सोबत न्या. मी घरून मोजून गेले होते, "एवढी लांब" म्हणून. लांबी जुळली, पण सांधे दोन सेंटिमीटर पुढे निघाले. अशी काडी बसवली असती तर ती बाकीच्यांच्या आधीच घडी व्हायला लागली असती आणि कापडाला तिथे कायमची झोळ पडली असती. काडीची लांबी, सांध्यांमधली अंतरं आणि खालून टेकू देणारी छोटी काडी जिथे जोडली जाते ती जागा, तिन्ही जुळल्या पाहिजेत. जुन्या काडीवर नवी ठेवून बघणं हेच खरं माप.

खटक्याला साधी तार

आता स्प्रिंग. छत्री उघडी ठेवणारा दांड्यातला छोटा खटका तुटला की छत्री डोक्यावर आपोआप मिटते. आधी खटका अंगठ्याने दाबा. रेंगाळत वर येत असेल तर तो तुटलेला नाही, गंजलाय. शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब आणि वीसेक वेळा दाबणं, एवढ्याने होतं. आत जाऊन परत येतच नसेल तर तुटलाय.

लांब दांड्याच्या छत्रीत तो वाकवलेल्या तारेचा असेल तर घरी करता येतो. इथे केबलची तार किंवा बांधायची तार घेऊ नका. ती मऊ, एकदा दबली की दबलेलीच. मोठी सेफ्टी पिन कापून घ्या, तिची तार स्प्रिंगसारखी परत येते. जुना तुकडा समोर ठेवून तसाच आकार पक्कडीने थंडच वळवा. बसवताना दिशा चुकते ती अशी: खटक्याचा उतार मुठीकडे हवा आणि उभी कड वरच्या टोकाकडे. उघडताना दांड्यावरून खालून वर सरकत येणारी कडी उताराला दाबून पुढे जाते आणि मग उभ्या कडेवर टेकते. उलटा बसला तर कडी वर जाताना अडते, आणि कशीबशी गेलीच तर वर थांबत नाही.

घडीच्या छत्रीत दांडा एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा असतो, खटका काढायला वरची चकती सुटी करावी लागते. ते काम काकांकडे द्या. तोवर छत्री उघडल्यावर कडीच्या खाली दांड्याला कपड्यांचा घट्ट चिमटा लावा. ठाणे ते ऐरोली मी तशीच दोन दिवस गेले.

बटण दाबून उघडणारी आणि मिटणारी छत्री मात्र घरी खोलू नका. तिच्या दांड्यात लांब स्प्रिंग पूर्ण दाबलेली असते. स्क्रू निघाला की दांडा गोळीसारखा सुटतो, आणि आपण तेव्हा वाकून नेमकं आतच बघत असतो. काडी वाकली असेल तर अशा छत्रीवर फक्त उघड्या स्थितीत काम करायचं.

एकमेकींच्या शेजारच्या दोन काड्या गेल्या असतील तर मी आता दुरुस्तीच्या फंदात पडत नाही. कापड उसवून बाजूला करते, काड्या सुट्या करते आणि भरीव तारेचे तुकडे रिकाम्या टूथपेस्टच्या खोक्यात टाकते. सध्या त्यात अकरा आहेत.