बदली नको म्हणून राजीनामा देताय? मग नोटीसचे दिवस कुठं भरायचे ते आधी ठरवा

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कुठलीही एमआयडीसी घ्या, वर्षातनं दोन-चार तरी माणसं हातात बदलीचं पत्र घेऊन माझ्याकडं येतात. मी फौंड्रीच्या टाइम ऑफिसात आणि नंतर एचआरला बरीच वर्षं काढली, अशी पत्रं टाइपही केली आणि नंतर लोकांचे राजीनामेही लिहून दिले. पत्र बहुतेक चाकणचं असतं, कधी होसूर, कधी साणंद. घरी म्हातारे आईवडील, दोन एकर ऊस, मुलाची दहावी, घराचं कर्ज, असं काहीतरी असतंच आणि माणूस जाऊ शकत नाही. जाणार नाही हे एकदा पक्कं ठरलं असेल तर पुढचं वाचा. हे खाजगी कंपनीतल्या स्टाफसाठी आहे. सरकारी आणि बँकेतल्यांचे नियम वेगळे. आणि कामगार असाल, युनियन असेल, तर राजीनाम्याआधी युनियनच्या माणसाला भेटा, कारण बदलीवर भांडायचं असेल तर ते नोकरीत राहूनच भांडायला लागतं.

पहिलं काम, नियुक्तीपत्र काढा. त्यात दोन ओळी शोधा: कंपनी कुठंही बदली करू शकते का, आणि नोटीस किती दिवसांची. पहिली ओळ जवळजवळ सगळ्यांच्या पत्रात असते, त्यामुळं "मला विचारलंच नाही" यावर जास्त वेळ घालवू नका.

दुसरं, बदलीचं पत्र घेताना सही करा पण सहीवर "मिळाले", तारीख आणि वेळ एवढंच लिहा. काही कंपन्यांच्या पत्राखाली "मला वरील बदली मान्य आहे" असं छापलेलं असतं, तिथं सही करू नका, वरच्या मोकळ्या जागेत करा. सामान हलवायचा ॲडव्हान्स किंवा बदली भत्ता देऊ केला तर घेऊ नका, तो फायनल हिशोबात पुरा कापला जातो आणि वर बदली मान्य होती असंही म्हणायला मोकळे.

तिसरं, बदली रद्द करा अशी विनंती करायची असेल तर ती वेगळ्या मेलमध्ये करा आणि लगेच करा. "बदली रद्द करा, नाहीतर हाच माझा राजीनामा समजावा" असलं वाक्य कोण शिकवतं कळत नाही, पण दर वेळी कुणीतरी लिहून आणतंच. एचआरला हे वाक्य म्हणजे आयतं मिळालेलं पत्र असतं, दुसऱ्या दिवशी "राजीनामा मंजूर" आणि शेवटची तारीख त्यांच्या सोयीची. विनंती म्हणजे विनंती, राजीनामा म्हणजे राजीनामा. दोन्ही एका कागदावर आणायचे नाहीत.

आता खरी अडचण. नव्या ठिकाणी हजर व्हायची तारीख आणि तुमच्या नोटीसचा शेवटचा दिवस, या दोन तारखांच्या मधे जे दिवस येतात तिथं माणसं अडकतात. मीही माझ्या वेळी इथंच अडकलो होतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

समजा पत्र ६ जूनचं आहे आणि १६ जूनला चाकणला हजर व्हा म्हणून लिहिलंय. तुमची नोटीस ३० दिवसांची. ९ जूनला राजीनामा दिला आणि तो दिवस धरला तर शेवटचा दिवस येतो ८ जुलै. म्हणजे १६ जून ते ८ जुलै तुम्ही कंपनीचे नोकर आहात आणि कागदावर तुमची जागा चाकणला आहे. त्या दिवसांत तुम्ही कोल्हापुरात घरी बसलात तर कंपनीच्या रेकॉर्डला तुम्ही विनापरवाना गैरहजर. मग घरी "ताबडतोब हजर व्हा" अशी पत्रं यायला लागतात, जूनचा पगार अडकतो, आणि राजीनामा बाजूला ठेवून गैरहजेरीसाठी नाव कमी केल्याचं पत्र येतं. पुढच्या कंपनीनं चौकशी केली की तिकडनं उत्तर जातं, "न सांगता निघून गेला". राजीनामा दिलेला असूनही हे होतं.

यावर लोक सल्ला काय देतात? "जाऊच नको, आपोआप विषय संपतो." संपत नाही. "मेडिकल टाक." नोटीसच्या काळात बहुतेक कंपन्या रजा देत नाहीत, आणि खोटं सर्टिफिकेट लावलं तर ते गैरवर्तन होतं, म्हणजे साधा राजीनामा सोडून नवीन भानगड मागं लावून घ्यायची. हे दोन्ही सल्ले देणाऱ्याला नंतर तुमच्यासाठी एचआरला फोन करायला सांगा, करणार नाही.

बरोबर काय ते सांगतो. राजीनामा हजर व्हायच्या तारखेच्या आधी गेला पाहिजे, आणि त्यातच नोटीस सध्याच्या ठिकाणी पूर्ण करू द्या अशी मागणी पाहिजे. मी साधारण असं लिहून देतो, इंग्रजीत लिहिलं तरी मजकूर हाच:

"दि. ६ जूनच्या बदली आदेशानुसार मला १६ जूनपासून चाकण येथे हजर होण्यास सांगितले आहे. घरच्या जबाबदारीमुळे मी कोल्हापूर सोडू शकत नाही. म्हणून नियुक्तीपत्रातील अटीप्रमाणे ३० दिवसांची नोटीस देऊन मी राजीनामा देत आहे. माझा शेवटचा कामाचा दिवस ८ जुलै धरावा. नोटीसचा कालावधी मला सध्याच्या ठिकाणी पूर्ण करू द्यावा व तोपर्यंत बदली आदेश स्थगित ठेवावा. ते शक्य नसल्यास १३ जूनपर्यंत लेखी कळवावे."

बदलीचं कारण लिहायचंच. "वैयक्तिक कारणास्तव" हे शब्द मला अजिबात आवडत नाहीत, पुढच्या इंटरव्ह्यूत "का सोडलं" विचारल्यावर हातात कारण असलेला कागद असणं केव्हाही चांगलं. पण साहेबांनी मुद्दाम केलं, राजकारण झालं, अमक्याला वाचवलं, हे खरं असलं तरी इथं नको.

हा मेल स्वतःच्या खाजगी ईमेलवरून पाठवा, ऑफिसचा ईमेल कधीही बंद होतो आणि मग तुमच्याकडं पुरावा राहत नाही. साहेब आणि एचआर दोघांना. शिवाय सही केलेली प्रत ऑफिसात इनवर्ड करून दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ केली तर वाद न घालता पोस्टात जा. रजिस्टर्ड पोस्ट आता स्पीड पोस्टातच विलीन झालंय, तेव्हा स्पीड पोस्टनं पाठवा, पोहोचल्याचा पुरावा मागून घ्या आणि पावती जपून ठेवा.

यानंतर तीनच गोष्टी होऊ शकतात.

कंपनी हो म्हणाली तर प्रश्नच नाही, फक्त ते हो लेखी घ्या. साहेब पॅसेजमध्ये खांद्यावर हात ठेवून म्हणतात "कर रे इथंच", आणि पुण्याच्या हेड ऑफिसला ते माहीतच नसतं. त्याच दिवशी मेल टाका: "आज आपण सांगितल्याप्रमाणे मी ८ जुलैपर्यंत कोल्हापुरातच काम करत आहे."

दुसरं, कंपनी लवकर सोडायला तयार होते, उरलेले दिवस शिल्लक रजेतनं किंवा नोटीसच्या पगारातनं वळते करून. हे सगळ्यात सुटसुटीत. पण आधी दोन गोष्टी बघा. कापणार ते बेसिकवर की पूर्ण पगारावर, हे नियुक्तीपत्रात असतं आणि फरक मोठा पडतो. आणि ग्रॅच्युइटी. कायम नोकरीत राजीनाम्यावर ग्रॅच्युइटी मिळायला ५ वर्षं सलग नोकरी लागते, आणि नोटीसचे दिवस काम केलं तर ते नोकरीत धरले जातात. ज्याची ५ वर्षं जूनअखेर पूर्ण होतात त्यानं घाईनं १५ जूनला सुटका करून घेतली तर सगळी रक्कम हातची जाऊ शकते. त्यापेक्षा ८ जुलैपर्यंत काम करा. ज्यांची झाली आहेत त्यांनी हिशोब असा करायचा: शेवटचा बेसिक आणि डीए मिळून, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. २६,००० असेल तर वर्षाला १५,०००. सात वर्षं आठ महिने झाले असतील तर आठ वर्षं धरतात, म्हणजे १,२०,०००. सहा महिन्यांच्या वरचा काळ पूर्ण वर्ष धरला जातो. कारण बदली होतं म्हणून यातनं काही कमी होत नाही, कुणी तसं सांगितलं तर लेखी मागा.

तिसरं, कंपनी सरळ नाही म्हणते किंवा उत्तरच देत नाही आणि १६ तारखेला तुमचं कार्ड पंचिंग मशीनवर चालत नाही. माझ्याबाबतीत हेच झालं. सकाळी शिफ्टच्या वेळी गेटवर गेलो तर लाल दिवा. उत्तर आलेलं नसेल तर परत फिरू नका. सिक्युरिटीच्या रजिस्टरमध्ये नाव, वेळ, सही करा, तिथनंच मोबाईलवरून मेल टाका की मी आज अमुक वाजता कामासाठी गेटवर हजर आहे, मला आत घेतलेलं नाही, माझ्या पत्राला उत्तर मिळावं. हा मेल रोज, त्याच वेळी, शांत भाषेत. आपण काम टाळत नाही एवढंच यातनं सिद्ध होतं आणि बऱ्याच वेळा यावरच एचआरचा फोन येतो व मधला मार्ग निघतो.

पण लेखी उत्तर आलं की "नोटीस चाकणलाच भरावी लागेल", तर माझं मत ठाम आहे, बॅग भरा आणि जा. गेटवर उभं राहून तेव्हा उपयोग नाही. तिथं हजर होताना मेल करा की ९ जूनचा राजीनामा कायम असून नोटीस पूर्ण करण्यापुरतं मी हजर होत आहे, राहायची सोय कंपनीच्या गेस्टहाउसला मागा, आणि ८ जुलैला संध्याकाळी परत या. लोकांना यात कमीपणा वाटतो. मी म्हणतो तीन आठवडे पत्र्याच्या खोलीत काढले तरी चालतील, पण "न सांगता निघून गेला" हा शेरा नको, तो पुढं प्रत्येक नोकरीत विचारला जातो. घरी खरंच कुणी आजारी असेल, जाणं शक्यच नसेल, तर वरचा दुसरा पर्याय, नोटीसचे पैसे भरून सुटायचं, तेवढाच राहतो. ते पैसे देऊ करतोय हेही लेखीच कळवा.

बाकी सोपं आहे. शेवटच्या दिवशी लॅपटॉप, ओळखपत्र, गेज, जे काही नावावर आहे ते जमा करून क्लिअरन्सवर सह्या घ्या. रिलिव्हिंग लेटरमध्ये शेवटची तारीख आणि "राजीनामा" हा शब्द बरोबर आहे का ते तिथंच वाचा, घरी जाऊन वाचू नका. ग्रॅच्युइटीचा अर्ज स्वतः द्या.

पीएफ काढू नका, नव्या नोकरीत ट्रान्सफर करा, ५ वर्षांच्या आत काढला तर टॅक्स लागतो. त्यासाठी जुन्या कंपनीनं पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख टाकलेली असावी लागते. ती टाकली नाही तर शेवटचं काँट्रिब्युशन जमा झाल्यावर दोन महिने थांबायचं आणि यूएएननं लॉगिन करून स्वतःच टाकायची. टाकताना रिलिव्हिंग लेटर समोर ठेवा आणि तीच तारीख टाका.