नव्या मॅनेजरचा तीन महिन्यांचा प्लॅन: या चुका टाळा

बढती मिळाली की पहिल्याच आठवड्यात टीमला प्लॅन मेल करायचा, आणि त्यात उद्दिष्टांचे आकडे घालायचे. ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की कोणी पेढे घेऊन आलं की आधी हेच सांगते.

मीही हेच केलं होतं. चाकणच्या एका कारखान्यात डिस्पॅचची ११ माणसं माझ्याकडे आली. तिसऱ्या दिवशी मी लिहून टाकलं, ‘गाडी गेटबाहेर पडायला ४ तास लागतात, ६० दिवसांत अडीच तासांवर आणू.’ आकडा खरा होता. पण टीमने तो ठपका म्हणून वाचला. दोन आठवडे कोणी कामापलीकडे एक शब्द बोललं नाही. शेवटी आमचे जुने सुपरवायझर काका म्हणाले, “मॅडम, गाडी दीड तासात भरते. पुढे ती ई-वे बिलासाठी उभी असते.”

ठराविक किमतीवरचा माल गाडीने न्यायला ई-वे बिल लागतं आणि त्यासाठी आधी इनव्हॉइस हातात हवं. अकाउंट्सवाले इनव्हॉइस दुपारी जेवणानंतर एकगठ्ठा काढायचे. म्हणजे अडीच तास जात होते दुसऱ्या खात्यात, आणि मी लेखी बोल लावला होता माझ्याच माणसांना. अकाउंट्सशी बोलून इनव्हॉइस दर तासाला काढायला लावलं, तेव्हा आकडा खाली आला. लोडिंगच्या कामात काहीच बदलावं लागलं नाही.

म्हणून आता पहिल्या ३० दिवसांच्या रकान्यात मी उद्दिष्ट लिहीतच नाही. कोणाला कोणत्या तारखेला भेटणार, काय विचारणार आणि कशाला हात लावणार नाही, एवढंच लिहिते. शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. शिफ्ट, साप्ताहिक सुट्टी आणि आधी मंजूर झालेल्या रजा तशाच राहतील, हे लिहिलेलं दिसलं की माणसं बाकीचं शांतपणे वाचतात. आकडे ३१व्या दिवसानंतर, तेही काम करणाऱ्याला कागद दाखवून, “हे तुमच्या हातात आहे का?” असं विचारल्यावरच. ज्यांना एवढा महिनाभर धीर धरवत नाही, त्यांनी प्लॅन लिहूच नये.

साहेबांना एक प्लॅन आणि टीमला दुसरा, असं कधीही करू नका. दोन्ही कागद एकमेकांच्या हाती पडतातच.

नेटवरचा तयार नमुना उचलू नका. एक पान पुरे, मराठीत चालतं.

आणि तारीख हुकली की गुपचूप फाइल बदलू नका. जुनी प्रत कोणाच्या तरी मोबाइलमध्ये असतेच. मी हुकलेली ओळ खोडते, पण वाचता येईल अशी ठेवते, आणि शेजारी नवी तारीख व कारण लिहिते. दर शुक्रवारी तोच कागद नोटीस बोर्डावर लागतो.