चहा सांडून चिकटलेली कीकॅप आणि स्विच क्लिप न मोडता कसे काढावे

मेकॅनिकल कीबोर्डवर साखरेचा चहा सांडला की दोन दिवसांनी एखादी कीकॅप अशी बसते की पुलरने ओढली तरी हलत नाही. मग लोक जोर लावतात आणि तिथेच प्लॅस्टिक मोडतं. इथे सांगतोय ते नेहमीच्या स्विचबद्दल, ज्यांचा स्टेम, म्हणजे कीकॅप जिच्यावर बसते ती दांडी, अधिक चिन्हासारखा असतो. लॅपटॉपच्या बटणांखाली कात्रीसारखी नाजूक पट्टी असते, त्यांना ही पद्धत लावू नका.

आधी केबल काढा. वायरलेस कीबोर्ड असेल तर तो बंद करा. मग अडकलेलं बटण दाबून पाहा. ते खाली जाऊन नीट वर येत असेल, तर चिकटलाय तो फक्त कॅप आणि स्टेमचा जोड. दाबल्यावर खालीच राहत असेल, तर चहा स्विचच्या आत गेलाय. मग कॅप निघाली तरी काम संपत नाही, स्विचही काढावा लागेल.

शेजारच्या चारही बाजूंच्या कॅप काढून घ्या, म्हणजे अडकलेल्या कॅपखालची फट दिसेल. पुलर तारेचा घ्या. प्लॅस्टिकच्या कडीवाल्या पुलरने कॅपच्या बाजूंवर ओरखडे उठतात. तारा कॅपच्या दोन्ही बाजूंनी खाली सरकवा, पुलर थोडा फिरवा आणि तारा समोरासमोरच्या कोपऱ्यांखाली अडकल्या की सरळ वर ओढा. तिरकं ओढलं की स्टेमची बारीक पाती तुटतात आणि तुकडा कॅपमध्येच राहतो.

ओढताना कॅपकडे नको, स्विच आणि त्याखालच्या प्लेटमधल्या रेषेकडे लक्ष द्या. कॅपबरोबर अख्खा स्विच उचलला जातोय किंवा स्विचचं वरचं झाकण खालच्या भागापासून सुटतंय असं दिसलं, तर लगेच थांबा. याचा अर्थ जोडाची पकड बाकी सगळ्या क्लिपांपेक्षा घट्ट झाली आहे. आता जोर वाढवून उपयोग नाही, आधी साखर विरघळवायला हवी.

इथे बहुतेक जण ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. तेलकट मळासाठी ते उत्तम आहे, पण साखर त्यात जवळजवळ विरघळत नाही. तिला पाणी लागतं. म्हणून ७० टक्क्यांचं घ्या, किंवा कोमट पाण्यात बुडवून नीट पिळलेला इअरबड. कीबोर्ड उलटा धरा, म्हणजे ओल स्विचमध्ये उतरणार नाही. फटीतून इअरबड जोडापर्यंत नेऊन टेकवा, पाचेक मिनिटं थांबा, पुन्हा ओढून पाहा. दोन-तीन वेळा करावं लागेल. स्पेसबार, एंटर आणि शिफ्टखाली तारेचा स्टॅबिलायझर असतो, त्यामुळे या कॅप दोन्ही टोकांकडून आळीपाळीने थोड्या थोड्या उचला.

आता स्विच. तो काढण्याआधी कीबोर्ड हॉट-स्वॅप, म्हणजे सोल्डरशिवाय स्विच काढता-बसवता येणारा आहे ना, याची खात्री करा. हे कीबोर्डच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं आणि बऱ्याचदा डब्यात स्विच पुलरही येतो. स्विच सोल्डर केलेला असेल तर ओढू नका, सर्किट बोर्डवरचे तांब्याचे पॅड उखडतील. तिथे सोल्डर काढणारा माणूसच हवा.

प्लेटमध्ये स्विचला धरून ठेवणाऱ्या दोन क्लिपा असतात. एक दिव्याची खाच असते त्या बाजूला आणि दुसरी बरोबर तिच्या समोर. पुलरची दोन तोंडं याच बाजूंवर बसवा, डाव्या-उजव्या बाजूंवर नाही. आधी दाबा, मग ओढा. क्लिप आत गेली की त्या बाजूची कड किंचित वर आल्याचं बोटांना कळतं. दाबलेलं न सोडता स्विच सरळ वर काढा. एकच बाजू सुटली आणि दुसरी अडली, तर अडलेली क्लिप बारीक चपट्या स्क्रूड्रायव्हरने आत ढकला. प्लेटवर आधी चिकटपट्टी लावा, म्हणजे ओरखडा येणार नाही. स्क्रूड्रायव्हर स्विचखाली घालून तरफेसारखा वापरू नका. त्याने क्लिप तर मोडतेच, शिवाय बोर्डच्या मागच्या बाजूचं सॉकेटही उचकटू शकतं.

कॅपसकट स्विचच बाहेर आला तर घाबरायचं कारण नाही. दोन्ही क्लिपा आणि दोन्ही पिन शाबूत आहेत का बघा. मग स्विचचा खालचा भाग आणि झाकण एकत्र चिमटीत धरून कॅप सोडवा. नुसता खालचा भाग धरलात तर झाकण निघेल आणि स्प्रिंग उडून जाईल.

आत चहा गेलेला स्विच धुण्यापेक्षा नवा बसवलेला बरा, कारण धुतल्यावर आतलं ग्रीसही जातं. बसवताना पिन सरळ आहेत ना पाहा, वाकली असेल तर चिमट्याने सरळ करा, आणि मागून सॉकेटला आधार देत स्विच सरळ खाली दाबा, दोन्ही क्लिपांचा टक आवाज येईपर्यंत. कीबोर्ड पूर्ण सुकल्यावर जोडा. अक्षर उमटत नसेल तर बहुधा पिन सॉकेटबाहेर दुमडलीय. स्विच पुन्हा काढा आणि पिन सरळ करून बसवा.