दिन की दीन? बेळगावकडच्या पोरांसाठी कन्नडचा आधार

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मराठी मिडियमची पोरं वहीत "प्रजासत्ताक दीन" लिहितात आणि खाली निबंधात "दिनदुबळ्यांना मदत करावी" असंही लिहितात. बोलताना मराठीत दोन्हींचा उच्चार आपण सारखाच करतो, त्यामुळे "नीट ऐक आणि लिही" सांगून काही उपयोग नाही, कानाला फरकच कळत नाही.

पण आपल्याकडच्या पोरांना कन्नड येतं, आणि कन्नडमध्ये ऱ्हस्व-दीर्घ बोलतानाच वेगळं ऐकू येतं. तेच वापरायचं.

पहिलं, अडलेल्या शब्दाचा त्या वाक्यातला अर्थ बघा. दिवस की गरीब?

मग तो शब्द कन्नडमध्ये आहे का ते आठवा आणि मोठ्यानं म्हणा. शाळेत "स्वातंत्र्य दिनाचरणे" म्हणतो, फॉर्मवर "दिनांक" असतो, दोन्हीकडं दि आखूड, म्हणून प्रजासत्ताक दिन. "दीन दलितरु" म्हणताना दी लांबतो, म्हणून दीनदुबळे. तसंच "अनुकूल" मध्ये काठ या अर्थाचाच शब्द आहे आणि त्यातला कू कन्नडमध्ये स्पष्ट लांब येतो, म्हणून कूल म्हणजे काठ आणि कुल म्हणजे घराणं. डोकं या अर्थाचं शिर कन्नडमध्येही आखूडच आहे.

हे चालतं कारण असे शब्द दोन्ही भाषांनी संस्कृतमधून जसेच्या तसे घेतलेत. घरच्या मराठी शब्दांना मात्र हे लावू नका, तिथं आपला नियम वेगळा आहे: शब्द अकारान्त असेल तर शेवटून दुसरा इ-उ दीर्घ. म्हणून धागा तो सूत, रक्ताची ती शीर, तसंच मूल, दूध. मुलगा या अर्थाचा सुत संस्कृत, म्हणून तो ऱ्हस्व.

प्रत्यय लागला की आणखी एक गोंधळ होतो. घरचा शब्द ऱ्हस्व होतो, सूत पण सुताचा, शीर पण शिरेतून. दीन संस्कृत आहे, तो बदलत नाही, दीनांना असंच लिहायचं. पोरगं "दिनांना" लिहीत असेल तर त्यानं मुलांना, फुलांना यांचा नियम इथं लावलाय असं समजा आणि तेवढंच समजावून सांगा.

शब्दाच्या शेवटी कन्नडवर विसंबू नका, कन्नडमध्ये कवि, गुरु आखूड, मराठीत सुटे लिहिताना कवी, गुरू. समासात मात्र परत ऱ्हस्व होतात, कविराज, गुरुवर्य.

सरावाला दिन-दीन जोडी एकाच दिवशी शिकवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे, शेजारी ठेवले की पोरांना "दोनातला एक" एवढंच आठवतं आणि कुठला ते विसरतात. आधी फक्त दिन घ्या, दिनांक, दिनदर्शिका, शिक्षकदिन लिहून घ्या, तो न अडखळता जमला की दीन घ्या. नंतरचं डिक्टेशन सुट्या शब्दांचं नको, पूर्ण वाक्यांचं द्या, कारण सुटा "दिन" ऐकून कुठला लिहायचा हे मोठ्यांनाही सांगता येणार नाही.