रिप्लाय ऑल, सीसी, बीसीसी: ऑफिसच्या मेलमध्ये या चुका टाळा

समजा, चाकणच्या एका कारखान्याला ५ टन एमएस अँगल हवे आहेत. पर्चेसमधला माणूस चार पुरवठादारांसाठी एकच मेल लिहितो, चौघांचे पत्ते सीसीमध्ये टाकतो आणि "शुक्रवारी संध्याकाळी ५ पर्यंत दर कळवावा" असे लिहून पाठवून देतो. मेल उघडल्याबरोबर चौघांनाही कळते की आपल्याबरोबर आणखी कोणाकडे चौकशी गेली आहे. त्यातला एकजण सवयीने रिप्लाय ऑल दाबतो आणि किलोला ६२ रुपये असा दर लिहून मोकळा होतो. आता बाकीच्या तिघांपैकी जो ५८ला द्यायला तयार होता, तोही ६१.५०चाच दर लावणार. मेल कोणत्या रकान्यात गेला एवढ्यावरून खरेदी महाग झाली.

इथे पहिली चूक पाठवणाऱ्याची आहे, दर लिहिणाऱ्याची नंतरची. ज्यांनी एकमेकांना दिसू नये, त्यांना टू किंवा सीसीमध्ये एकत्र ठेवायचेच नसते. दर मागवायचे असतील तर चौघांना चार वेगळे मेल पाठवा. मजकूर तोच, फक्त वरचे नाव बदलायचे. पाच मिनिटांचे काम आहे आणि पुढे कोणी काहीही दाबले तरी उत्तर फक्त तुमच्याकडेच येते.

मोठ्या यादीसाठी एकटे बीसीसी पुरेसे नाही

यादी मोठी असली की बहुतेक जण टूमध्ये स्वतःचा पत्ता घालतात आणि बाकीचे सगळे बीसीसीमध्ये. सुट्टीची सूचना, प्रशिक्षणाचे वेळापत्रक अशा साध्या मेलसाठी हे ठीक आहे. बीसीसीमधल्यांना एकमेकांचे पत्ते दिसत नाहीत, आणि त्यांच्यापैकी कोणी रिप्लाय ऑल केले तरी ते उत्तर पाठवणाऱ्याला आणि टू-सीसीमध्ये दिसणाऱ्यांनाच जाते.

पण पगार, आजारपण, नोकरीचे अर्ज, थकबाकी अशा बाबतीत बीसीसीवर भिस्त ठेवू नका. सगळी गुप्तता दोन शेजारच्या रकान्यांपैकी योग्य रकाना निवडण्यावर टिकलेली असते, आणि घाईत हात चुकतो. एचआयव्ही स्कॉटलंड या संस्थेने फेब्रुवारी २०२०मध्ये १०५ जणांना पाठवलेल्या मेलमध्ये पत्ते बीसीसीऐवजी सीसीमध्ये गेले. त्यातल्या ६५ पत्त्यांवरून माणसाचे नाव ओळखता येत होते. ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने ऑक्टोबर २०२१मध्ये संस्थेला १० हजार पौंड दंड केला. बीसीसीचा धोका संस्थेने आधीच ओळखला होता, मोठ्या यादीला मेल पाठवण्याची सुरक्षित व्यवस्थाही घेतली होती. पण रोजचे काम जुन्याच पद्धतीने चालू राहिले.

यावर उपाय म्हणजे मेल मर्ज. नावे आणि पत्ते एक्सेलमध्ये वेगवेगळ्या कॉलममध्ये भरा, मग वर्डमध्ये Mailings → Start Mail Merge → E-mail Messages निवडा. प्रत्येकाला त्याच्या नावाने स्वतंत्र मेल जातो, त्यामुळे चुकायला सामाईक रकानाच उरत नाही. यासाठी संगणकावर आउटलुक बसवलेले असावे लागते. आणि एक अडचण आधीच ठाऊक असू द्या: वर्डच्या मेल मर्जमध्ये फाइल जोडता येत नाही. ड्रॉइंग किंवा स्पेसिफिकेशन पाठवायचे असेल तर मजकुरात लिंक द्या, नाहीतर सरळ वेगळे मेल करा.

बीसीसीमध्ये बसवलेले साहेब

पुरवठादाराला कडक मेल लिहायचा आणि आपण पाठपुरावा करतोय हे कळावे म्हणून साहेबांना गुपचूप बीसीसीमध्ये ठेवायचे, हा प्रकार फार चालतो. साहेब मेल मोबाईलवर वाचतात. आपण बीसीसीमध्ये आहोत हे छोट्या पडद्यावर चटकन लक्षात येत नाही. ते रिप्लाय ऑल दाबून लिहितात, "याला शेवटची संधी द्या, नाहीतर दुसरा बघा." हे उत्तर तुमच्याबरोबर पुरवठादारालाही जाते. आता त्याला दोन गोष्टी कळल्या: साहेबांचे मत, आणि तुम्ही त्याच्या नकळत तिसऱ्याला मेल दाखवत होता. दुसरी गोष्ट जास्त जिव्हारी लागते.

साहेबांना दाखवायचेच असेल तर मेल आधी पाठवा आणि मग Sent फोल्डरमधून तो त्यांना फॉरवर्ड करा. वर एक ओळ लिहा: "साहेब, माहितीसाठी. आज पुरवठादाराला हा मेल पाठवला आहे." त्यांनी रिप्लाय ऑल केले तरी उत्तर तुमच्यापाशीच थांबते. पुरवठादारावर वजन पडावे असा हेतू असेल तर साहेबांना उघडपणे सीसीमध्ये घ्या. लपवून वजन पडत नाही.

बीसीसीचा एक अगदी सभ्य उपयोग मात्र शिकून घेण्यासारखा आहे. एखाद्याने दोन माणसांची मेलवर ओळख करून दिली आणि पुढचे बोलणे त्या दोघांचेच असेल, तर उत्तर देताना ओळख करून देणाऱ्याला सीसीमधून काढून बीसीसीमध्ये टाकायचे आणि पहिल्याच ओळीत सांगायचे: "कदम साहेब, ओळख करून दिल्याबद्दल आभार. तुमचा इनबॉक्स भरू नये म्हणून तुम्हाला बीसीसीमध्ये घेत आहे." हा मेल त्यांना मिळतो, त्यानंतरची रिप्लाय ऑलची उत्तरे मिळत नाहीत. उघडपणे सांगितल्यामुळे कोणालाच काही खटकत नाही.

रिप्लाय की रिप्लाय ऑल

उत्तर पाठवण्याआधी यादीकडे बघून एवढेच विचारा: हे वाचून यातल्या कोणाच्या कामात काही बदल होणार आहे? मीटिंगची वेळ बदलली, आकडा चुकला होता तो दुरुस्त केला, सगळ्यांना पडलेल्या शंकेचे उत्तर मिळाले, तर रिप्लाय ऑल हवेच. "Noted", "ठीक आहे", "अभिनंदन" हे फक्त पाठवणाऱ्याला. आणि कोणाची चूक दाखवायची असेल आणि तिच्यामुळे बाकीच्यांचे काम अडत नसेल, तर ते त्या एकट्यालाच लिहा.

उलट चूकही तितकीच त्रासाची असते. अकाउंट्सने विचारलेल्या प्रश्नाला तुम्ही नुसते रिप्लाय केले, तर सीसीमधले स्टोअर आणि क्वालिटी दोघेही गळतात. तुम्हाला वाटते सगळ्यांना कळले, आणि दोन दिवसांनी स्टोअरवाला तोच प्रश्न पुन्हा विचारतो. जीमेलमध्ये नेहमीचे बटण कोणते असावे हे Settings → See all settings → General → Default reply behavior इथे ठरवता येते. तिथे Reply ठेवा. राहून गेलेले उत्तर नंतर सगळ्यांना पाठवता येते, सगळ्यांना गेलेले उत्तर परत घेता येत नाही.

चालू मेलमध्ये नवा माणूस सीसीमध्ये घेताना दोन गोष्टी हमखास राहून जातात. पहिली, खालचा जुना मजकूर. जीमेलमध्ये तो तीन टिंबांच्या बटणामागे दडलेला असतो, म्हणून लिहिताना दिसत नाही, पण जातो सगळा. त्यात "यांना ६० पर्यंत द्यायची आपली तयारी आहे" असे आपसातले बोलणे असेल आणि तुम्ही पुरवठादाराला सीसीमध्ये घेतले, तर तुमची मर्यादा त्याच्या हातात गेली. ती तीन टिंबे दाबा, तळापर्यंत वाचा; शंका आली तर नवा मेल सुरू करा. दुसरी गोष्ट फाइलची. रिप्लाय किंवा रिप्लाय ऑल करताना मूळ मेलची जोडलेली फाइल सोबत जात नाही, फॉरवर्डमध्ये जाते. नव्या माणसाला "सोबतचे ड्रॉइंग पाहा" असे लिहाल तर ते पुन्हा जोडा.

सीसीमधल्या माणसाकडून काम मागू नका

टूमधल्याने काम करायचे, सीसीमधल्याने फक्त वाचायचे, असाच अर्थ ऑफिसात धरला जातो. म्हणून सीसीमधल्या देशमुख मॅडमकडून मंजुरी हवी असेल तर त्यांना टूमध्ये आणा आणि मजकुरात नाव घेऊन लिहा: "देशमुख मॅडम, बुधवारपर्यंत मंजुरी मिळावी ही विनंती." टूमध्ये सहा नावे आणि काम कोणाचे हे लिहिलेले नाही, अशा मेलवर सहाही जण दुसऱ्याची वाट बघतात.

सहकाऱ्याला पहिल्याच मेलमध्ये त्याच्या साहेबांना सीसीमध्ये घेणे ही तक्रारच समजली जाते. आधी एक साधा मेल, मग एक फोन, आणि तरीही हालचाल नसेल तर सीसी, तीही सांगून: "निर्णय लवकर व्हावा म्हणून पाटील साहेबांना सीसीमध्ये घेत आहे."

रिप्लाय ऑलचे वादळ

१४ नोव्हेंबर २०१६ला इंग्लंडच्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत एक चाचणी मेल चुकून सुमारे ८ लाख ४० हजार खाती असलेल्या यादीला गेला. "मला या यादीतून काढा" असे रिप्लाय ऑल करून कळवणाऱ्यांनी सगळी यंत्रणा मंदावली. मायक्रोसॉफ्टने २०२०मध्ये याला आवर घालणारी सोय आणली, पण ती सुरुवातीला ५ हजारांहून मोठ्या यादीवर तासाभरात दहा रिप्लाय ऑल झाले तरच जागी व्हायची. दोनशे माणसांच्या ऑफिसला अशा सोयीचा आधार मिळेल असे धरून चालू नका. अशा वेळी "कृपया रिप्लाय ऑल करू नका" असे रिप्लाय ऑल करणेही आगीत तेलच. जीमेलमध्ये Mute करा, आउटलुकमध्ये Ignore करा आणि आयटीला फोन लावा. सगळ्यांना सूचना पाठवणारे तुम्हीच असाल तर गटाचा पत्ता बीसीसीमध्ये ठेवा.

मेल गेल्यानंतर

जीमेलमध्ये Settings → See all settings → General → Undo Send इथे ५, १०, २० किंवा ३० सेकंद निवडता येतात. लगेच ३० करून ठेवा, कारण चूक पाठवल्यावर पहिल्या काही क्षणांतच दिसते. आउटलुकमधले Recall फक्त आपल्याच संस्थेच्या मायक्रोसॉफ्ट मेलवर चालते. बाहेरच्या पुरवठादाराकडे गेलेला मेल त्याने परत येत नाही; उलट तुम्ही तो परत घ्यायला बघत होता, हे त्याला कळू शकते.

चौघांचे पत्ते उघडे पडलेच, तर त्याच मेलवर रिप्लाय ऑल करून माफी मागू नका. तीच यादी पुन्हा फिरते आणि पुढचे उत्तर पुन्हा सगळ्यांना जाते. आधी साहेबांना फोनवर सांगा. मग चौघांना वेगवेगळे मेल करा: "आधीच्या मेलमध्ये चुकून इतरांचे पत्ते आले होते, तो मेल कृपया डिलीट करावा. ती चौकशी रद्द समजावी. सुधारित चौकशी सोबत जोडली आहे, दर फक्त याच पत्त्यावर कळवावा." एखाद्याचा दर उघड झाला असेल तर नव्या चौकशीत प्रमाण, डिलिव्हरीची तारीख किंवा पैसे देण्याची मुदत खरोखर बदलता येते का ते पाहा. अटी बदलल्या की ६२चा आकडा जसाच्या तसा लागू राहत नाही, आणि चौघांनाही हिशेब नव्याने मांडावा लागतो.